आमच्यात पेनिसिलिन चालत नाही

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी माझी अक्कलदाढ सुजली. दादरच्या दंतवैद्याने तपासून अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. मी त्या घेऊन घरी आलो, पाण्याचा पेला भरला, आणि तोंडाशी नेणार तेवढ्यात बायकोने माझ्या तळहातावरची कॅप्सूल उचलून घेतली.

"हे पेनिसिलिनचंच भावंड. आमच्यात चालत नाही."

मी म्हटलं, ॲलर्जी तुला आहे, मला नाही. त्यावर ती अगदी शांतपणे म्हणाली, "आता तुम्ही आमच्यात आलात ना." आणि चपला घालून दुकानात जाऊन औषध बदलून घेऊन आली. दाढेची सूज त्या दुसऱ्या औषधाने उतरली. पोट मात्र बरेच दिवस ताळ्यावर नव्हतं. ही गोष्ट ती पुढे सगळ्यांना हसून सांगायची. नियम मात्र तिने सोडला नाही.

तिचं माहेर लालबागच्या चाळीतलं. वडील गिरणीत, मूळ गाव मालवणकडचं. त्या घरात काही गोष्टी चालत नसत. देवकाच्या झाडाची फांदी तोडायची नाही, सोमवारी मासळी नाही, अमुक वारी केस धुवायचे नाहीत. त्या ओळीत कधीतरी पेनिसिलिन जाऊन बसलं होतं. ती लहान असताना तिला सांधे सुजून ताप आला होता. तो ताप सांध्यांतून जातो, पण जाताना हृदयाच्या झडपेवर ओरखडा ठेवून जातो. पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. असं एक इंजेक्शन घेताना तिला काहीतरी झालं. काय झालं ते घरात कोणी नीट सांगत नसे. "मरता मरता वाचली" एवढंच सांगितलं जाई. त्यानंतर इंजेक्शनं बंद झाली आणि त्यांच्याऐवजी गोळ्या आल्या, ज्या घरात कधी असत, कधी नसत. आणि मग केवळ तिलाच नव्हे, तिच्या भावाला, त्याच्या मुलांना, चुलत-मावस घरातल्यांनाही पेनिसिलिन चालेनासं झालं. डॉक्टरने विचारलं की सगळे एकाच सुरात सांगत, आमच्यात चालत नाही. आजारापेक्षा घराण्याबद्दल बोलल्यासारखं.

मी आयुष्यभर गिरगावातल्या एका ग्रंथालयात काम केलं. शब्द तपासून घेण्याची मला सवय. पण हे वाक्य मी कधी तपासलं नाही. ते मला आवडत होतं, असंच आता वाटतं. "आमच्यात" या शब्दात मला जागा मिळाली होती.

संध्याकाळी आमचं एक ठरलेलं असे. ती भाजी निवडायला बसे आणि मी तिला वाचून दाखवी. कथा, प्रवासवर्णनं, जुन्या दिवाळी अंकांतले लेख. तिला स्वतःला वाचायचा कंटाळा नव्हता, पण ऐकायला जास्त आवडे. मेथीच्या काड्या मोडताना एखादं वाक्य तिला पटलं की हात थांबायचा. मग म्हणायची, "ते परत." मी परत वाचायचो.

ती नोकरीतून निवृत्त झाली त्यानंतरच्या पावसाळ्यात तिला बारीक ताप यायला लागला. त्याआधी लघवीचा संसर्ग झाला होता आणि त्यावर दोन-तीन औषधं बदलून झाली होती, सगळी पेनिसिलिन टाळून. ताप जाईना. दम लागायला लागला, वजन उतरलं. शेवटी परळच्या एका रुग्णालयात दाखल केलं. रक्त तपासायला घेतलं, हृदयाची सोनोग्राफी केली. जुन्या ओरखड्याच्या त्या झडपेवर जंतूंनी घर केलं होतं.

रक्तातून वाढलेल्या जंतूचं नाव एन्टरोकॉकस. जंतुसंसर्गाच्या ज्या डॉक्टर आम्हाला लाभल्या, त्या चाळिशीच्या, बारीक चणीच्या, खुर्ची ओढून खाटेजवळ बसून बोलणाऱ्या. त्यांनी मला समजावून सांगितलं. हा जंतू आतड्यात राहतो, बहुधा लघवीच्या वाटेने रक्तात गेला असावा. खात्रीने सांगता येणार नाही. त्याच्यावर सगळ्यांत चांगलं चालतं ते ॲम्पिसिलिन, सोबत सेफ्ट्रियाक्सोन नावाचं दुसरं औषध. दोन्ही मिळून सहा आठवडे शिरेतून. पण ॲम्पिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घरातलं. आणि दाखल करताना मीच सांगितलं होतं, पेनिसिलिन चालत नाही. तिच्या मनगटाला तसा लाल पट्टाही बांधलेला होता.

मी विचारलं, मग नुसतं दुसरं द्या. डॉक्टर म्हणाल्या, ते बहुतेक वेळा पेनिसिलिन न चालणाऱ्यांनाही चालतं, पण एकटं असलं की या जंतूला त्याचा काही फरक पडत नाही. दोघं मिळूनच मारतात.

म्हणून व्हॅन्कोमायसिन आणि जेन्टामायसिन सुरू झालं. पहिलं शिरेतून जायला लागलं की तिची मान आणि छाती लाल व्हायची, खाज सुटायची. वॉर्डातल्या सिस्टर ते देण्याआधी खाज थांबवायचं इंजेक्शन देऊ लागल्या. ताप थोडा उतरला. पण रोजच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन चढत चाललं. मूत्रपिंडं दमत होती. आणि एका दुपारी मी वाचत असताना ती म्हणाली, "अहो, तुम्ही दारातून वाचताय असं वाटतंय. मध्ये रातकिडे आहेत."

मी तिच्या उशाशीच बसलो होतो.

डॉक्टरांना सांगितलं तसं त्यांनी जेन्टामायसिन त्याच दिवशी थांबवलं. ते कान आणि मूत्रपिंड दोन्हीवर येतं, त्या म्हणाल्या, आणि गेलेलं ऐकू येणं परत येईलच असं नाही. कानाची तपासणी केली. वरच्या सुरांचं थोडं गेलं होतं, बोलणं अजून शाबूत होतं. आता उरलं एकटं व्हॅन्कोमायसिन, तेही रक्तातली पातळी पाहून कमी करत आणलेलं. झडपेवरचा जंतू मारायला ते एकटं अपुरं, आणि मूत्रपिंडांना तेवढंही जड. त्यांनी ते लपवलं नाही. बायको ऐकत होती. तिने विचारलं, "म्हणजे मी वाचले तर बहिरी, नाहीतर किडनी गेलेली?"

"अजून एक वाट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मला आधी सांगा, तेव्हा नेमकं काय झालं होतं? किती वेळाने? अंगावर गांधी उठल्या होत्या? श्वास कोंडला होता? ओठ सुजले होते? दाखल करावं लागलं होतं का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. आई सांगायची, एवढंच ती म्हणाली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

लालबागला तिची मावशी राहते. आईची धाकटी बहीण, त्या चाळीतली अजून हयात असलेली सगळ्यांत म्हातारी. पायाने अधू, तरी रोज कोणाला तरी हाताशी धरून पेज घेऊन येई, आणि बाहेरच्या बाकावर बसून वॉर्डातल्या आयांशी गप्पा मारी. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी सहज विचारलं. मावशी म्हणाली की त्या दिवशी इंजेक्शनला तीच घेऊन गेली होती, आई कामावर होती. मी तिला तसंच हात धरून आत, बायकोच्या खाटेजवळ बसलेल्या डॉक्टरांकडे नेलं.

"माका कोणी इचारल्यान आजपर्यंत?" मावशीने आधी हेच सुनावलं. मग सांगितलं.

त्या दिवशी संकष्टी होती. घरात आईचा कडक उपास, आणि मुलीच्या दुखण्यासाठी बोललेला, म्हणून मुलीलाही सकाळपासून पाण्यावर ठेवलेलं. इंजेक्शनच्या खोलीबाहेर रांग मोठी. मुलगी उन्हात उभी. आत गेली, सुई मोठी होती, टोचली, आणि लगेच, सुई निघते न निघते तोच पांढरीफटक पडून मावशीच्या अंगावर कोसळली.

डॉक्टरांनी विचारलं, गांधी, लालपणा, खाज?

"काय्येक नाय. पांढरी पडली, घामान भिजली. बाकावर निजवली, पाणी मारला. डोळे उघडले आणि काय म्हणाली सांगू? मावशे, भूक लागली."

बायको उशीवरून मावशीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मला नाव देऊन सांगता येत नाही.

मग मावशीने गुपचूप तिला बाहेरच्या हॉटेलात नेऊन बटाटावडा खायला घातला होता. उपास मोडला. ते घरी कळलं तर मोठी बहीण दोघींना फाडून खाईल, म्हणून मावशीने घरी एवढंच सांगितलं की इंजेक्शनने पोरगी पडली, जवळजवळ गेलीच होती. वडा वगळून. नंतर ती गोष्ट दर सणाला थोडी थोडी वाढत गेली, आणि वाढताना मावशी गप्प राहिली, कारण प्रत्येक वेळी तिच्या तळाशी तो वडा होता.

"माजा चुकला," ती म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. बायकोने हात पुढे करून तिचा हात धरला. "मावशी, तो वडा मला अजून आठवतो. पण इंजेक्शनच्या दिवशीचा होता हे नव्हतं आठवत. चटणी तिखट होती."

डॉक्टर हसल्या. पण घाईने निकाल दिला नाही. उपाशी पोटी, भीतीने, उन्हात उभं राहून आलेली घेरी असावी असं सगळं सांगतंय, त्या म्हणाल्या. तरी खरी ॲलर्जीही कधी कधी नुसती कोसळूनच दिसते, त्यामुळे एवढ्या जुन्या गोष्टीवर विसंबून थेट शिरेत औषध सोडायचं नाही. आणि खरी असली तरी इतक्या वर्षांनी बहुतेकांची ओसरलेली असते. ती भावंडांत वाटली जात नाही, हेही त्यांनी मावशीला सांगितलं. आधी कातडीवर तपासू, मग तोंडाने थोडं देऊन पाहू. तपासणीत ॲलर्जी निघालीच तर अतिदक्षता विभागात ठेवून, अगदी थेंबाथेंबाने वाढवत देण्याची एक रीत आहे. तीही करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिच्या हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर एक थेंब ठेवून सुईने हलकं टोचलं. एक थेंब नुसत्या सलाइनचा. तिथे काही उठता कामा नये. एक हिस्टामिनचा, तिथे डास चावल्यासारखी गांध उठलीच पाहिजे. ती उठली तरच कातडी खरं बोलतेय असं धरायचं. बाकीचे थेंब पेनिसिलिनच्या घरातले. डॉक्टर, ती आणि मी, तिघंही त्या हाताकडे बघत बसलो. पेनिसिलिनच्या जागा सपाट राहिल्या. मला आनंद झाला. मग लक्षात आलं, हिस्टामिनची जागाही सपाटच होती.

डॉक्टरांनी सिस्टरना विचारलं, खाजेचं इंजेक्शन चालू आहे का? चालू होतं. सिस्टरनी ते मायेपोटीच दिलं होतं, खाजवून खाजवून तिची मान सोलवटली होती म्हणून. पण त्या औषधाने कातडी मुकी झाली होती. मुक्या कातडीचं ‘नाही’ म्हणजे खरं ‘नाही’ नव्हे, डॉक्टर म्हणाल्या. ते इंजेक्शन बंद करून त्याचा अंमल उतरेपर्यंत थांबायला हवं.

थांबायचं, आणि मूत्रपिंडं तर रोज खाली चाललेली. त्या दिवसांत व्हॅन्कोमायसिन पूर्वीपेक्षा कितीतरी सावकाश सोडलं गेलं. तसं दिलं की लाली कमी येते. तरी जी खाज यायची ती बायको सोसायची. मी ओला रुमाल मानेवर ठेवायचो आणि वाचायचो, थोड्या मोठ्या आवाजात. शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, काका, जरा अजून मोठ्याने, मलापण शेवट ऐकायचाय. बायको म्हणाली, "बघा, वाचक वाढले तुमचे."

क्रिएटिनिन त्या दिवसांत एकदा चढलं, मग जागीच राहिलं. मी रोज तो आकडा विचारायचो, ती विचारायची नाही. ती मला विचारायची, "ऐकू येतंय ना मला?" जणू ते मलाच कळणार होतं. मी पुस्तकातलं एखादं वाक्य अगदी हळू म्हणायचो. ती ते परत म्हणून दाखवायची.

दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा हिस्टामिनच्या जागी छान टम्म गांध उठली. तिने ती खाजवायला बोट नेलं आणि सिस्टरने हात धरला. बाकीच्या जागा सपाट. मग त्याच औषधांची अगदी थोडी मात्रा कातडीच्या आत सोडली. छोटे फुगे आले आणि वाट पाहता पाहता जिरून गेले. शेवटी अमॉक्सिसिलिन तोंडाने, आधी अगदी थोडं. बाजूच्या ट्रेमध्ये ॲड्रिनलिनचं इंजेक्शन भरून ठेवलेलं. मी त्याच्याकडे बघतोय हे पाहून डॉक्टर म्हणाल्या, "ते लागू नये म्हणूनच जवळ असतं."

त्या वाट पाहण्यात मी एक प्रवासवर्णन वाचत होतो. काय वाचत होतो ते मला आता सांगता येणार नाही. शब्द तोंडातून जात होते आणि डोळे तिच्या ओठांवर होते. सिस्टर मधून मधून नाडी, रक्तदाब बघून जात. काही झालं नाही. मग पूर्ण मात्रा दिली. पुन्हा वाट पाहिली. बायको म्हणाली, "तुम्ही ते पान दोनदा वाचलंत." मी म्हटलं, तूच ‘ते परत’ म्हणालीस ना. "मी कुठे म्हणाले?"

संध्याकाळी डॉक्टर कात्री घेऊन आल्या आणि तिच्या मनगटावरचा लाल पट्टा कापला. त्या रात्री ॲम्पिसिलिन सुरू झालं, सकाळी सेफ्ट्रियाक्सोन. पुढचे काही दिवस अंगावर उशिराने काही पुरळ येतं का, हे पाहिलं गेलं. आलं नाही. ताप गेला. मूत्रपिंडं सावकाश सावरली, पूर्ण नाही, पण पुरेशी. रातकिडे थोडे राहिले. ती म्हणे, ते आता घरचेच झालेत.

घरी सोडताना डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलं, हे सगळीकडे सांगा, नाहीतर पुढच्या दवाखान्यात जुनीच गोष्ट परत लिहिली जाईल. मी दादरच्या दंतवैद्याला, औषधाच्या दुकानात, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना सांगून आलो. पुढे तिचा दात काढायचा झाला तेव्हा, झडपेवर पुन्हा जंतू बसू नयेत म्हणून, आधी अमॉक्सिसिलिन घ्यायचं होतं. चार कॅप्सूल एकदम. तिने त्या तळहातावर ठेवल्या, माझ्याकडे बघितलं. "घेऊ?" मी म्हटलं, आमच्यात चालतं. तिने त्या एका घोटात घेतल्या, मग आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसलो, आणि दोघांनाही त्याचं हसू आलं.

अशा संध्याकाळी आम्हाला मिळाल्या. किती, ते मी मोजलेलं नाही. मोजावं असं वाटत नाही. मेथी निवडली गेली, मटार सोलले गेले, "ते परत" झालं. ती झडप मात्र जुनीच होती आणि ती गेल्या हिवाळ्यात थकली. शेवटच्या दिवसांत ती बोलत नसे, पण मी हळू वाचलं तरी एखाद्या वाक्याला तिची बोटं चादरीवर थांबायची. मी ते वाक्य परत वाचायचो. ते तिला ऐकू जात होतं. मला याहून जास्त काही मागायचं नव्हतं.

तेराव्यानंतर काही दिवसांनी लालबागहून फोन आला, मावशीचा पाय सुजून लाल झालाय. मी गेलो. चाळीतल्या डॉक्टरांनी पाय पाहिला, कागद पुढे ओढला, आणि सवयीने विचारलं, कसली ॲलर्जी? मावशीच्या थोरल्या मुलाने लगेच सांगितलं, "पेनिसिलिन. आमच्यात चालत नाय."

मावशीने पाय तसाच पाटावर ठेवून त्याच्याकडे बघितलं.

"गप रे. ती बंदी आता उठली. आमच्या चेडवान उठवल्यान," भाचीची आठवण काढून ती म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून सांगितलं, "माका काय ता चांगला लिवा."

त्यांनी तिला स्वतःला कधी काही झालं होतं का ते नीट विचारून घेतलं. काहीच झालं नव्हतं. तिने ते औषध आयुष्यात घेतलंच नव्हतं. मग लिहून दिलं. मी खाली जाऊन कॅप्सूल घेऊन आलो. पहिली मावशीने माझ्या हातूनच घेतली. उपाशी पोटी नको म्हणून मी येताना वडाही आणला होता. तिने तो अर्धा मोडला आणि अर्धा माझ्यासमोर धरला.

चटणी तिखट होती.